फळ्यावरची निधनाची सूचना

नमस्कार श्रोतेहो. सोसायटीचा सचिव म्हणून पाण्याच्या, लिफ्टच्या, देखभाल खर्चाच्या किती सूचना मी फळ्यावर लावल्या असतील. पण निधनाची पहिलीच सूचना लिहिली आणि चुकलो. ती चूक आजही टोचते.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुरुवारी रात्री गेले. रात्री म्हणजे पहाटे अडीचला, तारखेनं शुक्रवार लागला होता. सकाळी पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. परतल्यावर मी घाईघाईनं खडूनं लिहिलं, 'रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी सकाळी'. सूर्योदयाआधीचा मृत्यू म्हणून गुरुजींनी गुरुवार धरला, तेव्हा घरच्यांचा तिसरा दिवस आला शनिवारी. शेजाऱ्यांनी मोजलं शुक्रवारपासून. रविवारी सकाळी नऊ-दहा जण पांढऱ्या कपड्यांत खाली जमले. दुधाची पिशवी घेऊन येणारा मुलगा त्यांच्यासमोर थबकला आणि हळूच म्हणाला, "काका, रक्षा काल झाली."

तेव्हापासून मी 'तिसरा दिवस', 'बारावा' असं लिहीत नाही. वार, तारीख, वेळ, ठिकाण, एवढंच. तेही घरच्यांनी गुरुजींशी बोलून सांगितल्यावर. उत्तरकार्य कुणाकडं अकराव्याला, कुणाकडं बाराव्याला, कुणाकडं तेराव्याला असतं. ते ठरायचं असेल तर मी ती ओळच लिहीत नाही, दोन दिवसांनी दुसरा कागद लावतो.

दुसरी गोष्ट भेटायला येण्याची. आजींना सकाळपासून प्रत्येक जण "कसं झालं हो?" विचारायचा आणि त्या दर वेळी त्या रात्रीच्या पहिल्या उचकीपासून सांगायच्या. संध्याकाळी त्यांचा आवाजच बसला. म्हणून आता घरच्यांना विचारून मी असं लिहितो:

'कुटुंबीयांना भेटण्यासाठी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत यावे. इतर वेळी बेल वाजवू नये. आजारपणाविषयी विचारू नये. अंत्यदर्शनाचे फोटो काढू नयेत व ग्रुपवर टाकू नयेत. काही निरोप असल्यास सचिवांकडे द्यावा.'

वाचताना हे जरा तुसडं वाटतं, मला कबूल आहे. पण घरच्यांच्या तोंडून हे निघत नाही. दारात आलेल्या माणसाला 'आता नको' म्हणायची ताकद त्या दिवसांत कुणात नसते, त्यांच्या वतीनं फळ्यानं म्हणावं. निरोपही म्हणूनच माझ्याकडं. घरच्यांचा मोबाइल नंबर मी लिहीत नाही, जिन्यातून येणारा-जाणारा कुणीही तो टिपून घेतो.

आणि एक काळजी घ्या. बरीच घरं उत्तरकार्याला गावी जातात. 'विधी मूळ गावी होतील' इतकं लिहिलं तरी फ्लॅट बंद आहे हे परक्याला कळतं. अशा वेळी मी गावच्या कार्यक्रमाचा कागद लावतच नाही. ज्यांना जायचं आहे त्यांच्या दारात जाऊन तारीख तोंडी सांगतो, आणि रात्री त्या मजल्यावर एक चक्कर मारायला वॉचमनला सांगून ठेवतो.

उत्तरकार्य झालं की त्याच संध्याकाळी कागद उतरवतो. आजी खाली फिरायला उतरल्या तेव्हा फळा रिकामा होता.