कंपनी कोणाची? रजिस्ट्रारकडचे कागद कुठपर्यंत नेतात

[दृश्य: संगणकाचा पडदा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा शोध-रकाना]

एका खाजगी कंपनीला जागा मिळाली, कंत्राट मिळालं किंवा कर्ज मिळालं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही कंपनी नेमकी कोणाची? फलकावर मालकाचं नाव नसतं. कंपनीच्या बाजूने बोलायला येतो तो माणूस बहुधा पगारी असतो. पण प्रत्येक कंपनीला दरवर्षी सरकारकडे काही कागद भरावेच लागतात, आणि त्यातले बरेचसे कोणालाही बघता येतात. त्या कागदांवरून मालकापर्यंत कसं पोचायचं, हे आज एका उदाहरणातून बघू या. उदाहरणातल्या कंपन्या काल्पनिक आहेत. कागद, कलमं आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

आपली कंपनी आहे पुण्यातली. तिला ‘क’ म्हणू.

सुरुवात फुकटात होते. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लॉग-इन करून कंपनीचं नाव टाकलं की तिचा एकवीस अक्षर-अंकी क्रमांक समोर येतो. तोच थोडा वाचू या. पहिलं अक्षर U, म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. मधे PN आहे. महाराष्ट्रातल्या कंपन्यांना एरवी MH असतं, पण कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या पुण्याच्या रजिस्ट्रारकडे नोंदलेल्या बऱ्याच कंपन्यांच्या क्रमांकात PN दिसतं. पुढे स्थापनेचं साल आणि PTC, म्हणजे प्रायव्हेट. खाली संचालकांची नावं, नोंदणीकृत पत्ता, आणि कंपनीच्या मालमत्तेवर बोजा असेल तर त्याची यादी.

‘क’चे संचालक दोन. इथेच अनेकजण फसतात आणि संचालकालाच मालक समजतात. संचालक कारभार बघतो, मालकी भागधारकाची असते. संचालक कंपनीचा हिशेबनीस असू शकतो, मालकाचा भाचा असू शकतो. संचालकाचा उपयोग वेगळाच आहे. त्याला मिळालेला डीआयएन क्रमांक जन्मभर बदलत नाही. तो आणखी कोणत्या कंपन्यांवर आहे, हे त्यावरून काढता येतं. आपल्या दोन संचालकांपैकी एक आणखी दोन कंपन्यांवर आहे. त्यांना ख आणि ग म्हणू.

[दृश्य: कागदपत्रांची यादी, वर्षवार]

आता पैसे भरून उघडायचे कागद. शुल्क किरकोळ असतं, पण बघायला मिळणारा वेळ मर्यादित. म्हणून आधी काय उघडायचं ते ठरवून बसावं. सगळ्यात आधी वार्षिक विवरण, म्हणजे एमजीटी-७. छोट्या कंपनीसाठी तोच कागद एमजीटी-७ए या नावाने येतो. त्याला जोडलेल्या यादीत ३१ मार्चला कोणाकडे किती शेअर होते ते लिहिलेलं असतं. ‘क’च्या यादीत एकही माणूस नाही. खकडे ४० टक्के, गकडे ३५ टक्के आणि आणखी एका कंपनीकडे, तिला घ म्हणू, २५ टक्के.

म्हणजे एक पायरी वर जायचं. खचं विवरण उघडलं तर दोन नावं: नवरा ५१ टक्के, बायको ४९ टक्के.

कायदा इथेच कामाला येतो. कंपनी कायदा २०१३, कलम ९०, आणि त्याखालचे २०१८ चे नियम. २०१९ च्या फेब्रुवारीत ते बऱ्यापैकी बदलले. जो माणूस मधल्या कंपनीच्या आडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा धरून आहे, त्याने स्वतःहून कंपनीला कळवायचं. कंपनीने ते बेन-२ या अर्जात रजिस्ट्रारला कळवायचं. असा माणूस म्हणजे ‘सिग्निफिकंट बेनिफिशियल ओनर’. या क्षेत्रातली माणसं नुसतं एसबीओ म्हणतात.

पण आडून धरलेला हिस्सा मोजायचा कसा? मधल्या कंपनीत ज्याचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे, त्याच्या पदरात त्या मधल्या कंपनीचा सगळा हिस्सा धरायचा. नवऱ्याकडे खचे ५१ टक्के आहेत, म्हणून खचे पूर्ण ४० टक्के त्याचे. २०.४ टक्के असा गुणाकार करायचा नाही. बायकोकडे ४९ टक्के, म्हणजे तिच्या वाट्याला शून्य.

आता फक्त एक बदल करा. नवऱ्याने एक टक्का बायकोच्या नावे केला. दोघेही ५० टक्के. निम्म्याहून जास्त कोणाकडेच नाही. त्याच घरातली तीच दोन माणसं, तोच पैसा, आणि हिश्श्याच्या हिशेबाने खच्या वाटेने ‘क’चा एसबीओ कोणीच नाही.

गचं तर आणखी सोपं आहे. तीन भाऊ, ३४, ३३ आणि ३३. यांनी कागदात कुठेही खोटं लिहिलेलं नाही. कुटुंबातल्या हिश्श्यांची बेरीज करायला हा नियम सांगतच नाही. बेन-२ भरलेला दिसला नाही, तर कंपनीने चोरी केली असं लगेच म्हणता येत नाही ते यामुळे. माझ्या मते या नियमातली सगळ्यात मोठी फट हीच आहे. परदेशी कंपन्यांच्या आडोशाची चर्चा फार होते, ही घरातली फट कोणी बोलत नाही.

नियमात दुसरं दारही आहे. हिस्सा नसला तरी प्रत्यक्षात ज्याचा हुकूम चालतो तोही एसबीओ ठरतो. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीच्या रजिस्ट्रारने लिंक्डइनच्या भारतीय कंपनीबाबत असाच आदेश दिला. लिंक्डइन मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, आणि मायक्रोसॉफ्टमध्ये कोणा एका माणसाकडे निम्म्याहून जास्त हिस्सा नाही. हिश्श्याच्या हिशेबाने शोध तिथेच संपला असता. रजिस्ट्रारने नियंत्रणाची साखळी धरली आणि लिंक्डइनचे प्रमुख रायन रोस्लान्स्की व मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना एसबीओ ठरवलं. दोघांना प्रत्येकी दोन लाख रुपये, कंपनीला सात लाख, आणि इतर अधिकारी धरून एकूण दंड सुमारे २७ लाख. अशा आदेशावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

या आदेशाकडे दोन तऱ्हांनी बघता येईल. पगारी मुख्य अधिकाऱ्याला ‘लाभधारक मालक’ म्हणणं अनेक कंपनी सचिवांना पटलं नाही, आणि त्यांची हरकत अगदीच पोकळ नाही. आपल्या कामापुरती गोष्ट वेगळी आहे. रजिस्ट्रारकडे नोटीस काढून खुलासा मागवण्याचा अधिकार होता. तुमच्या-आमच्याकडे फक्त भरलेले कागद आहेत, आणि हुकूम कोणाचा चालतो हे कोणी अर्जात लिहीत नाही.

नेमकं लिहीत नाही, पण कुठेकुठे सांडून जातं.

[दृश्य: बोजा नोंदणीच्या अर्जाला जोडलेला करारनामा, पानं उलटत जाताना]

कंपनीने कर्ज घेऊन मालमत्ता तारण ठेवली की तीस दिवसांत सीएचजी-१ भरावा लागतो, आणि त्याला तारणाचा दस्त जोडावा लागतो. हा दस्त लांबलचक, कंटाळवाणा असतो. म्हणूनच तो शेवटपर्यंत वाचावा. बँकेला भागधारकांच्या यादीशी देणंघेणं नसतं; पैसे बुडाले तर कोणाच्या घरावर जायचं हे तिला माहीत हवं असतं. ती खऱ्या मालकाची वैयक्तिक हमी मागते. ‘क’च्या दस्तात शेवटून दुसऱ्या पानावर जामीनदारांची नावं आहेत. खचा नवरा आहे, गमधला थोरला भाऊ आहे, आणि तिसरं एक नाव आहे जे आजवर एकाही भागधारक यादीत किंवा संचालकांत दिसलेलं नाही.

हा तिसरा माणूस मालक आहे का? असू शकतो. पण जवळचा नातेवाईकही असू शकतो, ज्याने फक्त आपला सातबारा तारणाला दिला. जामीनदारी हा माग आहे, पुरावा नाही. म्हणून ताळेबंद उघडायचा. एओसी-४ या वार्षिक हिशेबांच्या अर्जाला जोडलेल्या टिपांमध्ये संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार असतात आणि पाच टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्यांची नावंही असतात. तिथे तिसऱ्या माणसाच्या फर्मला दरवर्षी ‘सल्ला शुल्क’ जातं असं दिसलं, किंवा त्याने कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलेलं दिसलं, तर संशयाला वजन येतं. पैसा कुठून आत आला आणि कुठे बाहेर गेला, हे शेअरच्या यादीपेक्षा जास्त बोलतं.

आता तारखांचा घोळ. यादी ३१ मार्चची. वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेर, आणि सभेनंतर साठ दिवसांत विवरण. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी तुम्हाला आठ महिन्यांपूर्वीचं चित्र दिसतं. मधल्या काळात नवे शेअर वाटले गेले तर पीएएस-३ भरावा लागतो, ते कळतं. पण जुने शेअर एकाने दुसऱ्याला विकले तर हस्तांतरणाचा कागद रजिस्ट्रारकडे जात नाही. पुढचं विवरण येईपर्यंत मालक बदललेला असला तरी बाहेर पत्ता लागत नाही. म्हणून एका वर्षाची यादी कधीच पुरत नाही. निदान पाच वर्षांच्या शेजारी-शेजारी लावा. कंत्राट मिळण्याच्या आधीच्या वर्षी आणि नंतरच्या वर्षी नावं बदललेली दिसली, तर तिथे थांबून बघायचं.

आणखी एक सापळा पत्त्याचा. एकाच पत्त्यावर चाळीस कंपन्या सापडल्या की नवखा पत्रकार खूश होतो. बऱ्याचदा तो पत्ता सीएच्या कचेरीचा असतो, आणि त्या चाळीस कंपन्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. नावांचंही तसंच. एकाच नावाची माणसं आपल्याकडे शेकड्यांनी सापडतात. डीआयएन, वडिलांचं नाव, सही, यातलं किमान एक जुळल्याशिवाय दोन नोंदींमधला माणूस एकच आहे असं धरू नये. निष्पाप माणसाचं नाव एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही.

आणि ज्याला खरंच लपायचं आहे, तो या सगळ्याच्या पलीकडे जातो. दुसऱ्याच्या नावावर शेअर ठेवले, तर नोंदलेल्या माणसाने आणि खऱ्या मालकाने तसं कंपनीला कळवायचं आणि कंपनीने एमजीटी-६ भरायचा, असं कलम ८९ सांगतं. ड्रायव्हरच्या नावावर शेअर ठेवणारा हा अर्ज भरणार आहे का? अर्जावर सीए किंवा कंपनी सचिवाची सही असते, पण भरलेला प्रत्येक कागद रजिस्ट्रार स्वतः पडताळत बसत नाही. रजिस्ट्रारकडची नोंद म्हणजे कंपनीने स्वतःबद्दल केलेलं विधान.

राहिली घ. २५ टक्केवाली. ती सिंगापूरची निघाली. तिथल्या नोंदणी कार्यालयातून शुल्क भरून कंपनीचा उतारा मिळतो, आणि त्यात भागधारकही असतात. घचा एकच भागधारक आहे: ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची एक कंपनी. त्या बेटांवर भागधारकांची यादी बाहेरच्या माणसाला सहसा बघता येत नाही. इथे कागदांचा माग संपतो.

तेव्हा आपल्या टिपणात ‘क’बद्दल एवढंच लिहिता येईल. ४० टक्के हिस्सा ज्या कंपनीकडे आहे, तिच्यावर अमुक तारखेच्या विवरणानुसार अमुक व्यक्तीचं बहुमत. ३५ टक्के तीन भावांच्या कंपनीकडे, एकाचंही बहुमत नाही. तिसऱ्या माणसाची जामीनदारी अमुक तारखेच्या दस्तात, मालकी सिद्ध नाही. उरलेले २५ टक्के, रजिस्ट्रारच्या नोंदींतून कळत नाही. ते जाणून घ्यायचं असेल तर कोर्टातले दावे, जुने भागीदार, आणि पगार थकलेला एखादा माजी कर्मचारी, यांच्याकडे जावं लागेल.