नदीचा पडदा होऊ नये म्हणून

पॅरालॅक्स म्हणजे काय हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. आडव्या सरकणाऱ्या खेळात जवळचा थर भरभर जातो, लांबचा हळू जातो आणि सपाट चित्राला खोली आल्याचा भास होतो. इरेमच्या ‘मून पॅट्रोल’ने 1982 साली आर्केडमध्ये हे दाखवले, तेव्हापासून आपण थर मोजत आलो आहोत. माझी तक्रार या मोजणीबद्दलच आहे. किती थर आहेत यावर खोली ठरत नाही. उभ्या वस्तू कोणत्या वेगाने सरकतात आणि आडवी जमीन कोणत्या वेगाने सरकते, यावर ती ठरते.

हे मला स्वतःच्या चुकीतून उमगले. माझ्या पहिल्या खेळात एक नदी होती. मागे डोंगरांचे तीन थर, पुढे काठावरची झाडे आणि मध्ये एका स्वतंत्र थरावर मी मन लावून रंगवलेली नदी. कॅमेरा थांबलेला असला की चित्र सुंदर दिसे, पण तो सरकू लागला की नदी उभी राही. वाळत घातलेले निळे लुगडे दोरीवरून ओढत न्यावे तशी ती सरळ बाजूला जाई. मी डोंगरांचा चौथा थर घातला, मग पाचवा घातला, पाण्याचा रंग तीनदा बदलला, तरी लुगडे काही नदी होईना. शेवटी मी 1991 चा ‘सोनिक द हेजहॉग’ पुन्हा लावला आणि ‘ग्रीन हिल’मध्ये सोनिककडे मुळीच न बघता फक्त मागच्या पाण्याकडे बघत बसलो. पाण्याचा वरचा काठ डोंगरांइतकाच सावकाश सरकत होता, खालचा काठ कितीतरी वेगाने, आणि मधली प्रत्येक ओळ तिच्या वरच्या ओळीपेक्षा किंचित पुढे जात होती. सोनिक ज्या यंत्रावर चाले त्या मेगा ड्राइव्हकडे सरकवता येतील असे थर दोनच होते, पण पडद्यावरच्या 224 ओळींपैकी प्रत्येक ओळ किती सरकवायची हे त्या यंत्राला वेगवेगळे सांगता येत असे. ढग, डोंगर आणि पाणी हे सगळे एकाच मागच्या थराच्या आडव्या पट्ट्या होत्या.

आता मूळ मुद्दा. अंतर दुप्पट झाले की सरकण्याचा वेग निम्मा होतो. म्हणून दुप्पट, तिप्पट, चौपट अंतरावरच्या डोंगरांना एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे वेग द्यावे लागतात. तिथे समान पायऱ्या चालत नाहीत. सपाट जमिनीचे मात्र वेगळे आहे. क्षितिजाच्या 20 ओळी खाली दिसणारे पाणी 40 ओळी खालच्या पाण्यापेक्षा दुप्पट लांब असते, म्हणजे त्याचा वेग निम्मा असतो. दोन्ही नियम एकत्र केले की जमिनीचा वेग क्षितिजापासून खाली मोजलेल्या ओळींच्या थेट प्रमाणात येतो. ओळीमागे समान वाढ ही इथे हिशेब सोपा व्हावा म्हणून काढलेली पळवाट नाही. भूमितीचे उत्तरच ते आहे.

माझ्या नदीचा हिशेब असा बसला. क्षितिज डोंगरांमागे लपलेले, त्याच्या 16 ओळी खाली पलीकडचा काठ आणि 80 ओळी खाली अलीकडचा.

```
for y in range(16, 81):
    shift[y] = cam_x * y // 80
```

कॅमेरा 80 पिक्सेल गेला की वरचा काठ 16 पिक्सेल सरकतो, खालचा 80, आणि मधली प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा बरोबर एक पिक्सेल जास्त. पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या डोंगराचा वेगही मग एक पंचमांशच हवा. तो एक चतुर्थांश ठेवला, तर डोंगराचा पायथा पाण्यावरून घसरताना दिसतो. खेळ तपासताना मी सर्वांत आधी हा सांधा बघतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मर्यादा आणि दुरुस्त्या, ज्यांवर खरे तर आज बोलायचे ठरले होते, त्या घाईने सांगतो. ओळी एकमेकींपासून सरकत असल्याने नदीत खडक रंगवता येत नाही. कॅमेरा 8000 पिक्सेल गेला की लगतच्या दोन ओळींत 100 पिक्सेलचे अंतर पडते आणि खडकाच्या चिंध्या होतात. म्हणून पाण्यावर फक्त आडव्या चमकत्या रेघा काढाव्यात, वर बारीक आणि खाली जाड, कारण ओळ सरकवल्याने तिचे आकारमान बदलत नाही. तसेच एका पट्टीतले झाड वरच्या पट्टीत घुसवू नये, ते सांध्यावर कापले जाते; ते पुढच्या थरावर काढावे. आणि सरकणे दर फ्रेमला थोडे थोडे मिळवत जाऊ नये. अपूर्णांक गळत जातात आणि खेळाडू मागे फिरून त्याच जागी आला, तरी डोंगर जुन्या जागी परत येत नाहीत. वर दिलेल्या कोडच्या दोन ओळींत प्रत्येक वेळी `cam_x` पासूनच हिशेब केला आहे, तो त्यासाठीच.