सातबाऱ्याच्या फोटोतला ‘आकार’

कालच एका ताईंनी मोबाइलवर काढलेला सातबाऱ्याचा फोटो दाखवला. मुलाच्या परदेशी व्हिसासाठी त्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. आधी कुणीतरी करून दिलेलं होतं, आणि त्यात ‘आकार’ या मथळ्यासमोर ‘साइझ’ लिहिलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत मीही हीच चूक केली आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

सातबाऱ्यावर आकार म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. तो रुपये-पैशांत असतो आणि महसुली इंग्रजीत त्याला ‘असेसमेंट’ म्हणतात. शब्दकोशात आधी येणारा अर्थ इथे उपयोगाचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की जोड्या सापडतात. भोगवटादार हा ‘ऑक्युपंट’, ‘ओनर’ नव्हे. वर्ग १ आणि वर्ग २ तसेच ठेवायचे, कारण वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधनं असतात. ‘कुळ’ पाहून ‘क्लॅन’ आणि ‘खंड’ पाहून ‘काँटिनंट’ लिहिलेलं मी पाहिलंय. ते ‘टेनंट’ आणि ‘रेंट’ आहेत, आणि ते शब्द १९४८ च्या कुळकायद्यात मिळतात.

आता फोटोची अडचण. ताईंच्या फोटोत घडी पडल्यामुळे तीन ओळींचे मथळे पुसट झाले होते. आकडे मात्र स्वच्छ: १.२०, ०.०५, १.२५ आणि त्याखाली ३.४०. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याएवढी येते. म्हणजे लागवडीयोग्य क्षेत्र, लागवडीला न येणारं पोटखराब आणि एकूण क्षेत्र. बेरजेत न बसणारा ३.४० हा आकार. पुसट मथळ्याचा अंदाज बांधताना मी आधी अशी बेरीज करून पाहतो. पोटखराब हा शब्द इंग्रजी नियमांतही ‘पोट खराब’ असाच येतो, त्यामुळे तो तसाच लिहून पुढे थोडा खुलासा करावा.

क्षेत्राच्या एककात सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘हे. आर.’ मधला आर म्हणजे शंभर चौरस मीटर. त्याचा एकराशी संबंध नाही. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, सुमारे तीन एकर. जुन्या उताऱ्यावर हाच आकडा एकर-गुंठ्यांत असेल, तर ती दीडच एकर झाली, कारण एकरात चाळीस गुंठे. मथळ्याचा तो कोपरा कापला गेला असेल, तर आकड्याकडे बघून एकक ठरवता येत नाही. गुंठे चाळिसाच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे टिंबापुढे ५५ दिसलं तर आर नक्की. २० दिसलं तर काहीच कळत नाही.

ताईंच्या फोटोत नेमका तोच कोपरा नव्हता. मी भाषांतरात ‘एकक छायाचित्रात दिसत नाही’ असं लिहून ठेवलं आणि कागद उलगडून, सपाट ठेवून, वरून काढलेला दुसरा फोटो मागवला.