पाणीपुरवठ्याचं जुनं रेकॉर्ड मागायचं तर पत्रात काय लिहायचं

आता हे पत्र बघा. कॉलेजातल्या एका मुलीने नागरिकशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी पुणे महापालिकेला लिहायला घेतलं, पाठवायच्या आधी मला दाखवलं. "महोदय, मी विद्यार्थिनी असून मला पानशेत पुराच्या वेळच्या पाणीपुरवठ्याची सर्व माहिती मिळावी, तसेच पाणी पूर्ववत व्हायला उशीर का झाला ते कळवावे, ही नम्र विनंती." मराठी छान आहे, नम्रही आहे, पण टेबलावरच्या क्लार्कच्या जागी बसून वाचा ना, त्याने नेमकं कुठलं कपाट उघडायचं?

पहिली अडचण "सर्व माहिती" ही. दुसरी "का". माहितीचा अधिकार 2005 चा, त्यात माहिती म्हणजे ऑफिसकडे कागदावर किंवा कॉम्प्युटरवर जे आधीच आहे ते. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, नसलेली माहिती तयार करून द्यायला किंवा मत द्यायला अधिकारी बांधील नाही. म्हणजे "उशीर का झाला" याचं उत्तर कोणी लिहून देणार नाही, पण त्या उशिरावर सभागृहात जे बोललं गेलं त्याचं इतिवृत्त असेल तर ते द्यावंच लागतं. "का" आपण त्यातून शोधायचं, प्रोजेक्ट आपला आहे!

मग मी तिला म्हटलं, आधी ठरव कुठला कागद हवाय. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला, त्याच दिवशी खडकवासलाही गेलं आणि शहराचं पाणी खडकवासल्यावरच, त्यामुळे पाण्याचा प्रश्न लगेच सभागृहात येणार हे उघड आहे. तेव्हा मागायचं ते असं: "जुलै ते डिसेंबर 1961 या काळातील सर्वसाधारण सभा व स्थायी समितीच्या इतिवृत्तांपैकी पाणीपुरवठ्याशी संबंधित ठराव, तसेच 1961-62 चा वार्षिक प्रशासन अहवाल." काळ आला, कागदाचं नाव आलं, विषय आला, आता क्लार्कला खंड कुठला काढायचा ते कळतं.

पंपाचं लॉगबुक का नाही मागितलं असं ती विचारत होती. बरोबर प्रश्न आहे, कारण रोज किती पाणी उपसलं ते खरं तिथेच. पण सरकारी रेकॉर्डचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अ म्हणजे कायमचं जपायचं, ब तीस वर्षं, पुढचे त्याहून कमी. सभेचे ठराव सहसा कायम ठेवतात, रोजच्या नोंदवह्या मुदत संपली की रद्दीत. तरी मागून बघायला हरकत नाही, फक्त सोबत एक ओळ घालायची: "सदर अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी." का, तर "आढळून येत नाही" आणि "नष्ट केला" यात फरक आहे. नष्ट केला असेल तर तारीख आणि कोणाची मंजुरी याची नोंद असायला हवी. ती नोंद नाही आणि वही पण नाही, म्हणजे बहुतेक नीट शोधलंच नाही, मग तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं.

साधं पत्र दिलं तर उत्तराची मुदत नसते, चांगला साहेब भेटला तर काम होतं, नाहीतर पत्र फायलीत. म्हणून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने जोडपत्र अ चा अर्ज करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मग तीस दिवसांची मुदत लागू. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंतच, म्हणून ते "मी विद्यार्थिनी असून" वगैरे काढून टाकलं तरी चालतं, कारण सांगायची कायद्यात गरजच नाही. आपल्या कॉपीवर आवक क्रमांक आणि शिक्का मात्र घेऊनच बाहेर पडायचं, तो नसला तर तीस दिवस मोजणार कुठून?

प्रत पानाला दोन रुपये. सहा महिन्यांचं इतिवृत्त म्हणजे पानं भरपूर, म्हणून मी तिला आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागायला लावलं, कायद्यात ती सोय आहे. जुने खंड समोर बसून चाळायचे, पान नंबर लिहून घ्यायचे आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागायच्या. खंड जीर्ण असला तर झेरॉक्सला नाही म्हणू शकतात, तेव्हा मोबाईलवर फोटो काढू द्या असं अर्जातच लिहून ठेवलेलं बरं.

आणि एक गोष्ट तिच्या पत्रात राहूनच गेली होती. धरण आणि कालवा पाटबंधारे खात्याचा, आताचं जलसंपदा, महापालिकेचा नाही. कालव्यात पाणी कधी सोडलं हे महापालिकेला विचारलं तर कलम 6(3) खाली पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायला हवा, पण त्यात वेळ जातो. म्हणून तिने दोन अर्ज केले, ठरावांचा महापालिकेला आणि कालव्याचा जलसंपदा विभागाला.