विटांच्या दरजा, सावली आणि पिक्सेल: बम्प कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही

थ्रीडी रेंडरमध्ये विटांच्या भिंतीला बम्प द्यायचा, नॉर्मल मॅप लावायचा की पृष्ठभाग खरोखर हलवणारं डिस्प्लेसमेंट करायचं, हा प्रश्न बहुतेक जण मटेरियल बघून सोडवतात. दगड खडबडीत, म्हणून डिस्प्लेसमेंट. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी दरज मोजा आणि प्रकाश कुठून येतोय ते बघा.

एक भिंत घेऊ. फ्रेममध्ये आडवी 4 मीटर दिसते, रेंडर 1920 पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका मीटरला 480 पिक्सेल. विटांमधली दरज 10 मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल आहे. त्या 10 मिलिमीटरला पडद्यावर जेमतेम 5 पिक्सेल मिळतात. समोरून पाहिलं तर खोली दिसतच नाही, दिसते ती खोलीमुळे पडणारी सावली. म्हणून सगळा निकाल सावलीवर लागतो.

आता ऊन वरून, भिंतीला जवळजवळ घासून येतंय असं समजा. भिंतीच्या पृष्ठभागाशी 15 अंशांचा कोन. 10 मिलिमीटर उंचीच्या कडेची सावली 37 मिलिमीटर लांब पडते. दरज 10 मिलिमीटरचीच, म्हणजे आडव्या दरजा तळापर्यंत अंधारात जातात. उभ्या दरजांमध्ये मात्र ऊन सरळ खाली उतरतं आणि त्या उजळ राहतात. खऱ्या भिंतीवर उन्हात दिसणारी ती आडव्या रेघांची लय इथूनच येते.

बम्प इथे काय करतो? तो पृष्ठभाग हलवत नाही, फक्त नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा, कलवतो. दरजेच्या दोन उतरत्या कडांवर छटा बदलते, पण मधला तळ सपाट असतो. त्याचा नॉर्मल विटेच्या तोंडासारखाच, त्यामुळे त्याला विटेइतकंच ऊन मिळतं. जवळून पाहा: वरच्या कडेला बारीक काळी रेघ, खालच्या कडेला उजळ रेघ आणि मध्ये लख्ख चुना. भिंत छापील कागदासारखी दिसते. बम्पची ताकद वाढवून हे सुटत नाही, फक्त रेघा भडक होतात.

नॉर्मल मॅपनेही हे सुटत नाही. त्यात उतार आधीच मोजून ठेवलेला असतो, एवढाच फरक. हाय-पॉली मॉडेलवरून बेक केलेला दगड असेल तर तो सोयीचा. पण हाताशी उंची काळ्या-पांढऱ्या छटांत साठवणारा चांगला 16 बिट हाइट मॅप असेल, तर ऑफलाइन रेंडरमध्ये बम्पही तेच काम करतो. नॉर्मल मॅप लावल्यावर वरून प्रकाश असताना दरजा उठून आलेल्या दिसल्या, तर हिरवा चॅनल उलटा आहे.

तोच प्रकाश 75 अंशांवरून, जवळजवळ समोरून आला तर सावली तीनेक मिलिमीटरची, दीड पिक्सेलही नाही. तिथे बम्प खुशाल वापरा. फ्रेममध्ये 20 मीटर भिंत असेल तर सबंध दरजच एका पिक्सेलची होते. तिचा रंग जरा गडद केला की काम झालं.

तिरक्या उन्हातल्या आपल्या भिंतीला मात्र डिस्प्लेसमेंट लागणारच. एक पिक्सेल म्हणजे दोन मिलिमीटर, म्हणून जाळीचा चौकोनही साधारण तेवढाच हवा. 4 बाय 3 मीटरच्या भिंतीला 30 लाख चौकोन होतात. एक मिलिमीटरचे केले तर 1 कोटी 20 लाख. मेमरी चौपट जाते आणि या अंतरावरून फरक क्वचितच दिसतो. उलट 20 मिलिमीटरचे ठेवले तर दरज चौकोनांच्या मध्येच हरवते आणि विटा वितळलेल्या साबणासारख्या दिसतात. विटेचा बारीक रवा डिस्प्लेसमेंटमध्ये घालू नका, तो बम्पला द्या.

ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये डिस्प्लेसमेंटचा नोड जोडूनही काही हललं नाही, तर मटेरियलच्या सेटिंगमध्ये `Bump Only` राहिलंय का ते पाहा. तिथे `Displacement and Bump` हवं. मॅपचा कलर स्पेस `Non-Color` ठेवा, नाहीतर दरजेचा आकारच बदलतो. मॅप पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत असेल आणि ऑब्जेक्टचा स्केल अप्लाय केलेला असेल, तर `Scale` 0.01 म्हणजे बरोबर 10 मिलिमीटर.

`Midlevel` मूळचा 0.5 असतो, भिंतीसाठी मी तो 1 करतो. मग पांढरी वीट जागेवर राहते आणि दरज आत जाते. 0.5 वर वीट 5 मिलिमीटर बाहेर येते, खिडकीची चौकट तेवढी भिंतीत बुडते आणि इमारतीच्या कोपऱ्यावर दोन बाजू एकमेकींपासून सुटून उभी फट पडते. फट दिसलीच, तर कोपऱ्यावरचे व्हर्टेक्स जोडलेले आहेत का ते आधी तपासा. कोपरा म्हणजे भिंतीची बाह्यरेषा. दरजांनी पडलेल्या खाचा तिथे आकाशावर थेट उमटतात, त्या बम्पला कधीच जमत नाहीत. म्हणून मेमरी तोकडी पडत असेल, तर कोपऱ्यालगतची हातभर भिंत वेगळी काढून तेवढीच डिस्प्लेस करा. उरलेल्या भिंतीवर मऊ, ढगाळ उजेड असेल तर बम्प आणि दरजेतला गडद रंग पुरतो.