स्विच-ऑननंतरचे सहा आवाज

नमस्कार श्रोतेहो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाचं कॉक्लियर इम्प्लांट करायचं ठरलंय, किंवा नुकतंच झालंय, अशा घरातल्या माणसांशी आज मला बोलायचं आहे. आईवडिलांशी तर बोलायचंच आहे, पण आजी-आजोबांशीही, कारण वावरात कामं सुरू झाली की मूल दिवसभर त्यांच्याजवळच असतं.

एका मुलीबद्दल सांगतो. तिला आपण छकुली म्हणू. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घरी कापूस आणि तूर. दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. बेरा तपासणीत दोन्ही कानांचा मोठ्यातल्या मोठ्या आवाजालाही प्रतिसाद आला नाही. मग तीन महिने कानाचं मशीन लावून पाहिलं. त्याचा उपयोग होत असता तर ऑपरेशनची गरजच नव्हती. तो झाला नाही, तेव्हा एमआरआय आणि सीटी स्कॅन केलं. ऐकण्याची नस आहे की नाही आणि आतला शंख नीट घडलाय की नाही, हे त्यात दिसतं. नसच नसेल तर इम्प्लांटने ऐकू येत नाही, म्हणून हा फोटो टाळू नका. आणि मेंदूज्वरानंतर ऐकणं गेलं असेल तर मशीन लावून तीन महिने वाट पाहत बसू नका. अशा मुलाच्या शंखात हाड भरत जातं आणि मग इम्प्लांटची तार आत सरकत नाही.

खर्चासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला त्यात पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लवकर चौकशी करा.

छकुलीचं ऑपरेशन दोन-तीन तासांत झालं. आधी न्यूमोकोकसची लस दिली होती, कारण इम्प्लांट असलेल्या मुलाला मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. पुढे कधीही ताप येऊन मान ताठ झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. ऑपरेशननंतर तीन आठवडे तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आतला भाग बसला होता, पण आवाज पकडून आत पाठवणारं बाहेरचं प्रोसेसर लावलं नव्हतं.

ते लावतात तो दिवस म्हणजे स्विच-ऑन. छकुली दचकली आणि आईला बिलगून रडली. आजी म्हणाली, "काहून रडते? ऐकू आलं तर हसाले पाहिजे नं!" आवाज म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती रडली. त्या दिवशी तिच्या ऐकण्याचं वय शून्य होतं. ती अडीच वर्षांची असली तरी तान्ह्या बाळासारखं तिला आधी नुसतं ऐकत राहायचं होतं. प्रोसेसर झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर कानावर हवं. मॅपिंग म्हणजे प्रोसेसरचा आवाज त्या मुलाला जुळेल असा बसवणं. पहिल्या मॅपिंगला आवाज मुद्दाम बेताचा ठेवतात आणि पुढच्या खेपांना हळूहळू वाढवतात.

काही महिन्यांनी छकुलीच्या आईला आम्ही सहा आवाज शिकवले: आ, ई, ऊ, श, स, म. आपल्या बोलण्यातले जाड-बारीक सगळे सूर या सहांत येतात. सकाळी प्रोसेसर लावलं की आई इम्प्लांटच्या बाजूने थोडी मागे बसते, म्हणजे ओठ दिसत नाहीत. तोंडावर हात धरत नाही, कारण हाताने 'स' दबतो. ती एकेक आवाज साध्या स्वरात काढते. ऐकू आला की छकुली बांगडी डब्यात टाकते. मध्येच आई गप्पही राहते, म्हणजे पोरगी अंदाजाने टाकते का ते कळतं.

वैशाखात एका सकाळी 'आ', 'ऊ', 'म' ला बांगडी पडली. 'स' आणि 'श' ला मात्र पडली नाही. बॅटरी भरलेली, दिवा लागलेला, मशीन चालू. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तिला आधी माइकचं कव्हर बदलायला लावलं. घाम आणि धूळ बसली की त्याची जाळी बुजते, आणि सगळ्यात आधी बारीक आवाज जातात. कव्हर बदललं, 'स' परत आला. नसता आला तर मॅपिंगला बोलावलं असतं. हे महिनाभर लक्षात आलं नसतं तर पोरगी 'साखर', 'शेत' असे शब्द अर्धवटच ऐकत राहिली असती.

म्हणून रात्री प्रोसेसर सुकवणीच्या डब्यात ठेवायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. लाइट जाते म्हणून चार्जची एक बॅटरी नेहमी शिल्लक हवी. बाहेरचा भाग डोक्याला धरून ठेवणाऱ्या चुंबकाखालची कातडी रोज बघा. लाल झाली किंवा दुखली तर चुंबक जास्त ओढतंय, तो कमी ताकदीचा बदलून मिळतो.

आजीने एक वही केली आहे. कोणत्या दिवशी कोणता आवाज चुकला, कोणता शब्द नवा आला, ते नातवाकडून लिहून घेते. मॅपिंगला येताना ती वही आणते. कोणत्या पट्टीतला आवाज वाढवायचा, हे आम्ही तिच्यावरूनही ठरवतो.