बिल बोलतं, पट्टी साक्ष देते

नमस्कार श्रोतेहो. औषधांच्या खर्चाचा परतावा मागणारे अर्ज तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आता बिलाचा कागद फारसा समोर येत नाही, मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो येतो. त्या फोटोवरून औषधाचं नाव, बॅच नंबर, नग आणि रक्कम अर्जात उतरवायची असते. घरोघरी हे काम मुलगा, सून किंवा नात करते, आणि चुका बहुधा तिथेच होतात. आज मी तुमच्याशी एकाच बिलाबद्दल बोलणार आहे. कागद-पेन हाताशी असेल तर आकडे लिहून घ्या.

बिल एका आजोबांचं आहे. त्यावर पाच ओळी. पहिल्या दोन ओळींत एकच औषध, पॅन्टोप्रॅझोल ४०. दोन्हीकडे १५ गोळ्या, दोन्हीकडे १६५ रुपये. तिसरी ओळ टेल्मिसार्टन ४० ची, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीची. चौथी सेफिक्झिम २०० च्या दहा गोळ्यांची, आणि पाचवी खोकल्याच्या औषधाच्या एका बाटलीची, १२८ रुपयांची. फोटोत कागदाची घडी नेमकी सेफिक्झिमच्या रकमेवरून गेलेली, आणि टेल्मिसार्टनच्या नगांचा दुसरा आकडा पुसट. तो १४ आहे की १९, ते डोळ्यांनी ठरत नव्हतं.

अशा वेळी डोळे ताणत बसू नका, हिशेब करा. टेल्मिसार्टनच्या दहा गोळ्यांच्या पट्टीची छापील किंमत ७२ रुपये होती, म्हणजे एक गोळी ७ रुपये २० पैशांना. १४ गोळ्यांचे होतात १०० रुपये ८० पैसे, १९ गोळ्यांचे १३६ रुपये ८० पैसे. रकमेच्या रकान्यात १००.८० स्पष्ट दिसत होतं. म्हणजे नग १४. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही रोज एक, चौदा दिवस असंच होतं. आता सेफिक्झिम. ओळींची बेरीज खाली ६६७ रुपये ३० पैसे छापलेली होती. त्यातून बाकीच्या चार ओळी वजा केल्या की उरतात १०८ रुपये ५० पैसे, आणि दहाच्या पट्टीची छापील किंमतही तेवढीच होती. घडीखालचा आकडा असा दोन वाटांनी सापडला.

नगांच्या रकान्याशेजारी बऱ्याच बिलांवर पॅकिंग लिहिलेलं असतं. दहाच्या पट्टीसाठी दहा, त्यावर स्वल्पविरामासारखी खूण आणि पुढे इंग्रजी ‘एस’. धूसर फोटोत तो ‘एस’ पाचासारखा दिसतो आणि दहाचे १०५ होतात. एका अर्जात मी खरोखरच १०५ गोळ्या लिहिलेल्या पाहिल्या आहेत. रकमेला नगांनी भागून एका गोळीची किंमत काढली असती, तर ती चूक लिहिणाऱ्याच्याच लक्षात आली असती.

आता सवलत आणि कर. या बिलावर दहा टक्के सवलत होती, ६६ रुपये ७३ पैसे. राहिले ६०० रुपये ५७ पैसे, आणि दुकानाने पूर्ण रुपये करून ६०१ घेतले. खाली केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी प्रत्येकी १४ रुपये ३० पैसे दाखवलेला. तो पाहून आजोबांच्या नातवाने २८ रुपये ६० पैसे वर मिळवले आणि अर्जात ६२९ रुपये ६० पैसे लिहिले. पण छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. बिलावर त्याची फक्त फोड दाखवलेली असते. दुकानात मोजले ६०१, म्हणून मागायचेही ६०१. अर्जात औषधागणिक रक्कम विचारली असेल तर प्रत्येक ओळीतून दहा टक्के वजा करा, म्हणजे बेरीज ६०० रुपये ५७ पैशांशी जुळते. वरचे ४३ पैसे पूर्ण रुपये करताना आलेले.

त्याच नातवाने पॅन्टोप्रॅझोलची दुसरी ओळ चुकून दोनदा छापली गेली असं समजून गाळलीही होती. ती चूक नव्हती. दुकानदाराकडे एका बॅचची एकच पट्टी उरली होती, म्हणून दुसरी पट्टी वेगळ्या बॅचमधून दिली. दुकानातला संगणक प्रत्येक बॅचसाठी वेगळी ओळ छापतो. नाव, नग, रक्कम सगळं सारखं आणि बॅच नंबर वेगळा असेल, तर दोन्ही ओळी खऱ्या असतात.

आणि इथेच हिशेब थांबतो. रकमेची चूक बेरीज पकडते. बॅच नंबराची चूक पकडायला कुठलीच बेरीज नाही. तो अक्षरं आणि अंक मिळून तयार झालेला असतो. त्यात शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’ एकमेकांत मिसळतात. कधी रकाना अरुंद असतो आणि लांबलचक नंबराचं शेवटचं अक्षर छापलंच जात नाही, तर कधी शेजारच्या मुदतीचा महिना त्याला चिकटून येतो. हे फोटो मोठा करूनही कळत नाही. मग पट्टी हातात घ्या. तिच्यावर बॅच, मुदत आणि किंमत छापलेली असते, आणि ती फोटोपेक्षा स्पष्ट वाचता येते.

औषधाच्या नावाचंही तसंच. नावाची शेपटी छोटी असते, पण औषध बदलते. टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं, ‘एएम’ असेल तर अॅम्लोडिपिन. बिलावर जागा संपली की पहिल्यांदा हीच अक्षरं कापली जातात. म्हणून नाव बिलावरून लिहा, पण चिठ्ठी आणि पट्टी दोन्हींशी ताडून पाहा.

पट्टीवर एक बॅच आणि बिलावर दुसरीच, असंही निघतं, कारण दुकानात संगणकावर निवडताना चुकीची ओळ निवडली जाते. तेव्हा बिलावर पेन चालवू नका. खाडाखोड केलेलं बिल नामंजूर होऊ शकतं. पट्टी घेऊन दुकानात जा आणि दुरुस्त बिल नव्याने छापून मागा.

फोटोबद्दल थोडं सांगते. दुकानातलं गुळगुळीत कागदाचं बिल उष्णतेने उमटतं, आणि ऊन-उष्णतेनेच पुसटही होतं. ते लॅमिनेट करू नका, मशीनच्या गरमीने अख्खा कागद काळा पडतो. औषध आणलं त्याच दिवशी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदावर अगदी सरळ धरून चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि पहिल्यांदा बारीक अक्षरं जातात.

आजोबांच्या टेल्मिसार्टनच्या १४ गोळ्या म्हणजे एक पूर्ण पट्टी आणि चार गोळ्यांचा कापलेला तुकडा. त्या तुकड्यावर बॅच नंबर नव्हता, तो दुकानात राहिलेल्या भागावर होता. पूर्ण पट्टीवर मात्र होता, पण आजोबा गोळी काढताना नंबराच्याच बाजूने पट्टी फाडत गेले आणि चौथ्या दिवशी अर्धा नंबर कचऱ्यात गेला होता. आता त्यांची सून दुसऱ्या टोकापासून गोळ्या काढून देते, आणि नंबराचा तुकडा परताव्याची रक्कम खात्यात येईपर्यंत बिलाबरोबर पाकिटात जपून ठेवते.